एकच शिफारस सगळ्या पिकांना कशी चालेल?

संपादक महोदय,

आपल्या कालच्या शेती पानावरील सूक्ष्म अन्नद्रव्यांचा लेख वाचला आणि राहवले नाही म्हणून लिहीत आहे. माती परीक्षणात जस्त ०.६ पीपीएमपेक्षा आणि बोरॉन ०.५ पीपीएमपेक्षा कमी आले, तर २५ किलो झिंक सल्फेट आणि १० किलो बोरॅक्स द्यावे, एवढे सांगून लेखकाने विषय संपवला आहे. कोणत्या पिकाला, एकरी की हेक्टरी, फोकून की ओळीत, यातले काहीच लेखात नाही.

हे मला इतके लागले, कारण अशाच अर्धवट शिफारशीने आमचा घेवडा गेला. माती परीक्षणाच्या अहवालात जस्त ०.५, बोरॉन ०.४५ आणि सामू ८.१ आला होता. बोरॉनपुढे 'कमी' असा शिक्का आणि खाली '१० किलो बोरॅक्स'. क्षेत्र लिहिलेले नव्हते. विचारल्यावर प्रयोगशाळेतल्या माणसाने एकरी आणि बियाण्याच्या ओळीतच द्यायला सांगितले. बोरॅक्समध्ये सुमारे ११ टक्के बोरॉन असते. म्हणजे हेक्टरी साधारण पावणेतीन किलो बोरॉन पडले, तेही कोवळ्या मुळांच्या अगदी शेजारी. घेवडा हे बोरॉनचा जास्तपणा मुळीच न सोसणारे पीक आहे. पंधरवड्यात खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपल्या. पुन्हा त्याच माणसाला पाने दाखवली, तर त्याने "अजून बोरॉन कमीच दिसतेय, फवारणी घ्या" असे सांगितले!

खरे तर फरक ओळखणे अवघड नाही. बहुतेक पिकांत बोरॉन पाण्याबरोबर वर चढते आणि पानात एकदा पोचले की तिथून हलत नाही. त्यामुळे कमतरता नेहमी शेंड्याला दिसते. वाढीचा कोंब खुंटतो, नवी पाने जाड आणि वेडीवाकडी होतात. जास्त झालेले बोरॉन मात्र जुन्या पानांच्या टोकांना आणि कडांना साचते आणि तिथेच करपते. आमच्या घेवड्याचे शेंडे हिरवेगार होते.

पुढे विहिरीचे पाणी तपासले, तर त्यात लिटरला अर्धा मिलिग्रॅम बोरॉन निघाले. हंगामात ४०० मिलिमीटर पाणी दिले, तर हेक्टरी दोन किलो बोरॉन नुसत्या पाण्यातून येते. त्यातले काही निचऱ्याने जाते हे खरे, पण खारवट विहिरीवर ओलीत करणाऱ्याने पाण्याचा अहवाल पाहिल्याशिवाय बोरॅक्सच्या पोत्याला हात लावू नये. आपल्या लेखात पाण्याचा उल्लेखही नाही.

आता हाच अहवाल वेगवेगळ्या पिकांसाठी वाचून पाहा. मका घ्यायचा असेल, तर आधी जस्ताकडे पाहावे, कारण मका जस्ताला फार हळवा आणि ८ च्या वरच्या सामूत जस्त मुळांना मिळणे कठीण. हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट (२१ टक्के जस्ताचे) पेरणीपूर्वी मातीत मिसळावे, मात्र स्फुरदाच्या खतात कालवून देऊ नये. दोघांचे मिळून न विरघळणारे संयुग होते आणि जस्त अडकून पडते. एकदा दिलेले जस्त दोन-तीन पिकांना पुरते, म्हणून दर हंगामाला पोते ओतायचे कारण नाही. बोरॉन ०.४५ असताना मक्याला मी ते देणारच नाही.

सूर्यफूल असेल तर गोष्ट उलटी. त्याला बोरॉन जास्त लागते, कमी पडले की फुलाच्या मधोमध दाणे पोचट राहतात. तिथे पाण्यात बोरॉन नसेल तर हेक्टरी १० किलो बोरॅक्स फोकून मातीत मिसळावे, किंवा ऐन फुलोऱ्यात लिटरला दोन ग्रॅम बोरॅक्सची फवारणी घ्यावी. आकडा काठावर असेल, तर मला फवारणीच बरी वाटते. मातीत पडलेले बोरॅक्स परत काढता येत नाही, आणि सूर्यफुलानंतर घेवडा घ्यायचा असेल तर तेच अंगाशी येते. हलक्या जमिनीत पावसाने बोरॉन धुऊन जाते, भारी जमिनीत ते टिकते, हेही हिशेबात धरावे लागते.

जाता जाता आणखी एक. 'जस्ताची कमतरता' म्हणून छापलेल्या मक्याच्या छायाचित्रात पानाच्या टोकापासून बुडापर्यंत बारीक हिरव्या-पिवळ्या रेघा आहेत. ती लोहाची कमतरता आहे. जस्ताचे पांढुरके रुंद पट्टे मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना, पानाच्या बुडाकडच्या भागात येतात. छायाचित्र पाहून लोक दुकानात जातात, म्हणून कृपया योग्य छायाचित्र आणि शिफारशीतले क्षेत्र, दोन्हींचा खुलासा पुढच्या शेती पानावर तितक्याच ठळकपणे छापावा.

आपला नियमित वाचक,
एक शेतकरी