विशेष सभेची सूचना : अभ्यासिका की डायलिसिस केंद्र?

सर्व विश्वस्तांस नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत सभा आहे. विषय एकच : यंदाची शिल्लक अभ्यासिकेवर खर्च करायची की डायलिसिस केंद्रावर.

मतदानाआधी एक गोष्ट मिटवू. न्यासपत्रात उद्देश ‘वाचन व शिक्षणाचा प्रसार’ एवढाच आहे. डायलिसिस त्यात बसते का, हे हात वर करून ठरत नाही. वकिलांचे लेखी मत मागवले आहे, ते शुक्रवारपर्यंत सर्वांना मिळेल. बसत नसेल, तर तो प्रस्ताव रविवारी मतदानाला येणार नाही. आधी धर्मादाय आयुक्तांकडे जावे लागेल.

- कायम निधीला हात लावायचा नाही. देणगीदारांनी फक्त व्याज वापरायला सांगितले आहे.
- दोन्ही बाजूंनी गुरुवारपर्यंत खर्चाचा कागद द्यावा : उभारणीचा आणि पुढील तीन वर्षे चालवण्याचा. (यंत्र देणगीत मिळते, तंत्रज्ञाचा पगार नाही!)
- कंत्राटदार किंवा पुरवठादार नात्यातला असेल, तर आधी सांगावे व त्या ठरावावर मत देऊ नये.

विरोधी मत कारणासह इतिवृत्तात नोंदवले जाईल. ते सभेतच मांडावे, नंतर व्हॉट्सॲपवर नको.

– सचिव