अण्णांच्या सिमसाठी आलेला फोन

मिरज

प्रिय सुहास,

तुझा मेसेज दुपारी गिऱ्हाईक असताना वाचला. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून आता दुकान बंद करून निवांत लिहितोय.

अण्णांना आलेला फोन खोटा होता. "केवायसी राहिलंय, आज रात्री सिम बंद होणार, मी सांगतो ते अ‍ॅप घ्या" हे ऐकल्यावर त्यांनी "मुलाला विचारतो" म्हणून फोन ठेवला, हे फार चांगलं झालं. पण तुझ्या मनातली खरी भीती वेगळी आहे. समजा केवायसी खरंच राहिलं असेल आणि नंबर गेला तर? पेन्शनचं खातं, आधार, गॅस, सगळं त्याच नंबरावर आहे. समोरचा माणूस नेमकं हेच धरून बोलतो. त्यामुळे सिम खरंच कसं बंद होतं, ते आधी सांगतो.

मी रोज सिम देतो, हरवलेली बदलून देतो, म्हणून हे खात्रीने लिहू शकतो: एखादं सिम बंद करायला किंवा चालू ठेवायला कंपनीला तुझ्या फोनमधलं काहीही लागत नाही. सिमचा ताबा तिच्या यंत्रणेत असतो. कागदपत्रांची फेरतपासणी करायचीच असेल, तर माणसाला बोलावतात. आधार, समोर उभं करून काढलेला फोटो, आणि काम झालं. जानेवारी २०२४ पासून हे सगळं डिजिटल पद्धतीनेच होतं, कागदी फॉर्म गेले. यात कुठेही अण्णांच्या मोबाईलवर अ‍ॅप टाकायची पायरी नाही. आणि दूरसंचार नियामक ट्राय किंवा सरकारचा दूरसंचार विभाग कुणाला फोन करून नंबर तोडण्याची धमकी देत नाही. दोघांनीही तसं जाहीर केलंय. बिल, केवायसी किंवा गैरवापर यामुळे नंबर बंद करायचा असेल, तर ते काम ज्याची त्याची कंपनी करते.

ओटीपीबद्दल एक गोष्ट मात्र नीट समजून घे, कारण "ओटीपी कुणालाच द्यायचा नाही" एवढंच सांगितलं की म्हातारी माणसं गोंधळतात. माझ्याकडे सिम बदलायला आलेल्या माणसाच्या फोनवरही ओटीपी येतो आणि मी तो विचारतो. फरक एवढाच, की तिथे काम त्याने सुरू केलेलं असतं, तो माझ्यासमोर उभा असतो आणि ओटीपी कशासाठी आहे ते मेसेजातच लिहिलेलं असतं. आपण काहीच सुरू केलेलं नसताना फोन येतो आणि कोड मागितला जातो, तेव्हा तो कोड दुसऱ्या कुणीतरी सुरू केलेल्या कामाचा असतो.

आता अ‍ॅपचं. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर फोन कानाला लावूनच दुकानात आले. बोलणारा अजून लाइनवर होता. त्यांना मला फक्त एवढंच विचारायचं होतं, की "आलेला आकडा दिसत नाही म्हणतोय, वाचून दाखवू का?" मी फोन हातात घेतला. वरच्या पट्टीत स्क्रीन शेअर होत असल्याची खूण होती. नंतर त्यांच्याकडून सगळं क्रमाने ऐकलं.

आधी साध्या दहा आकडी नंबरावरून मेसेज आला होता, की चोवीस तासांत सिम बंद होईल, या नंबरावर बोला. मास्तरांनीच फोन लावला. त्यामुळे आपण कस्टमर केअरशी बोलतोय असंच त्यांना वाटत राहिलं. पलीकडच्याने प्ले स्टोअरवरून एनीडेस्क घ्यायला सांगितलं. हे अ‍ॅप खोटं नाही. कॉम्प्युटर दुरुस्त करणारे लांबून काम करायला तेच वापरतात, आणि प्ले स्टोअरवर मिळतं म्हणून मास्तरांना संशय आला नाही. अ‍ॅप उघडल्यावर जो आकडा दिसतो, तो "तुमचा केवायसी नंबर" म्हणून वाचायला लावला. तो त्या फोनचा पत्ता असतो. तो कळला की समोरचा जोडणी मागतो आणि मग अँड्रॉइड स्वतः एक चौकट दाखवतं: यापुढे स्क्रीनवर जे काही दिसेल ते सगळं या अ‍ॅपला दिसेल, आणि खाली Start now. सगळा खेळ त्या एका बटणावर आहे. तिथपर्यंत नुसता आकडा गेलेला असतो, दार बंदच असतं. मास्तरांनी ते बटण दाबलं.

इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. पुष्कळ बँकांची अ‍ॅप्स अशा वेळी पलीकडच्याला काळी स्क्रीन दाखवतात, त्यामुळे चोराला बँकेच्या अ‍ॅपमधून फारसं काही मिळत नाही. म्हणून तो आपलं पान घेऊन येतो. "केवायसी चालू करायला फक्त दहा रुपयांचा रिचार्ज करा" म्हणून लिंक पाठवतो. मास्तरांना वाटलं, दहाच रुपये तर आहेत. त्या पानावर त्यांनी डेबिट कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे भरले. दहा रुपयांचा रिचार्ज कधी झालाच नाही. दुसरीकडे त्याच कार्डावर २४,५०० रुपयांची खरेदी लावली गेली, ओटीपीचा मेसेज मास्तरांच्या स्क्रीनवर आला आणि पलीकडच्याने तो स्वतःच वाचला. मास्तरांनी ओटीपी कुणालाही सांगितला नव्हता, हे ते शपथेवर सांगत होते आणि ते खरंच होतं. दुकानात आले तेव्हा दुसऱ्या रकमेचा ओटीपी आला होता, तोच वाचून दाखवू का म्हणून ते विचारत होते.

मी कॉल तोडला आणि फोन विमान मोडवर टाकला, वायफायही बंद केलं. अ‍ॅप काढणं त्यानंतर. आधी जोडणी तुटली पाहिजे. मग माझ्या फोनवरून त्यांच्या बँकेच्या नंबरावर कार्ड बंद करून घेतलं (बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, गुगलवर शोधायचा नाही, तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात). बँकेने दिलेला तक्रार क्रमांक आणि वेळ कागदावर लिहून घेतली. ती वेळ महत्त्वाची आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे ग्राहकाने स्वतःच माहिती दिलेली असली, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं.

लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावला. तिथे खाते क्रमांक, किती रक्कम, केव्हा गेली आणि व्यवहाराचा क्रमांक विचारतात. म्हणून पैसे गेल्याचा मेसेज कधीही पुसायचा नाही. ते पैसे ज्या खात्यात किंवा वॉलेटमध्ये गेलेत तिथे ते रोखायचा प्रयत्न करतात. पुढची तक्रार cybercrime.gov.in वर पूर्ण करावी लागते. मास्तरांची थोडी रक्कम वाटेत अडकली, बाकीची तोवर पुढे सरकली होती. अडकलेली रक्कमही सहज हातात पडत नाही, त्यासाठी पोलिसांकडून आणि कधी कधी कोर्टाकडूनही जावं लागतं. दिवसभराने कळवलं असतं तर तेवढीही राहिली नसती, असं मला वाटतं.

हीच माणसं कधी कधी व्हॉट्सअ‍ॅपवर केवायसीच्या नावाची .apk फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरचं अ‍ॅप, पाठवतात. ती जास्त वाईट. ती मेसेज वाचायची परवानगी मागते आणि मिळाली की पुढचे सगळे ओटीपी गुपचूप बाहेर पाठवत राहते. तिथे स्क्रीनवर कसलीही खूण दिसत नाही. अशी फाइल टाकली गेली असेल, तर फोन विमान मोडवर ठेवून थेट जाणकाराकडे न्यायचा. फॉरमॅट केल्याशिवाय त्यावर बँकेचं काही उघडायचं नाही.

दुसरा प्रकार सिमच पळवण्याचा. "फाइव्ह-जी करून देतो, नाहीतर सिम बंद पडेल" म्हणत वीस आकडी नंबर देतात आणि आधी SIM, मग तो नंबर असं लिहून कंपनीला मेसेज करायला सांगतात, नाहीतर ई-सिमची लिंक मंजूर करायला लावतात. तो वीस आकडी नंबर त्यांच्या हातातल्या कोऱ्या सिमचा असतो. आपण मेसेज केला की आपला नंबर त्यांच्या सिमवर जातो. ओळखायची खूण म्हणजे सिम बदलण्याची विनंती आल्याचा मेसेज येतो आणि मग रेंज जाते, फोन चालू-बंद करूनही येत नाही. सिम बदलल्यावर नव्या सिमवर चोवीस तास एसएमएस बंद ठेवण्याचा नियम आहे, तेवढी उसंत मिळते. पण कॉल चालू असतात, म्हणून घरात दुसऱ्या कुणाच्या फोनवरून लगेच कंपनीला आणि बँकेला कळवायचं.

अण्णांना एवढंच सांग. पुन्हा असा फोन आला की "९ दाबा" म्हटलं तरी दाबायचा नाही, वाद घालायचा नाही, ठेवून द्यायचा. मनात शंका राहिलीच तर स्वतः १९८ लावायचा, तो त्यांच्याच कंपनीच्या तक्रारीचा नंबर आहे. किंवा सरळ माझ्याकडे यायचं. ज्या नंबरावरून फोन आला त्याची तक्रार सरकारच्या संचार साथी अ‍ॅपवर 'चक्षु' मध्ये करता येते. ती पैसे गेलेले नसताना करायची तक्रार आहे, पैसे गेले असतील तर १९३० च. त्याच अ‍ॅपवर अण्णांच्या नावावर किती नंबर चालू आहेत तेही दिसतं. त्यांचा नसलेला एखादा निघाला तर तिथेच कळवता येतं. अण्णा इकडे आले की ते मी बघून देतो.

त्यांनी काल फोनवर कुठला कोड डायल केला होता का, हे विचार. `*21*` ने सुरू होणारा काही डायल केला असेल तर त्यांचे कॉल दुसरीकडे वळलेले असू शकतात, आणि कॉलवर सांगितला जाणारा ओटीपीही तिकडेच जातो. `*#21#` लावला की कॉल वळलेले आहेत का ते स्क्रीनवर येतं, `##002#` ने सगळं वळवणं रद्द होतं.

आणि एक काम तू तिकडूनच कर. अण्णा कार्डाने ऑनलाइन काही घेत नाहीत. पेन्शन काढायला एटीएम पुरतं. त्यांच्याशी बोलून, त्यांच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये त्या कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशातले व्यवहार बंद करून टाक, एटीएमची रोजची मर्यादाही कमी कर. मास्तरांच्या कार्डावर ऑनलाइन व्यवहार बंद असते, तर ओटीपी वाचूनही त्या माणसाला काही करता आलं नसतं. जमलं नाही तर रविवारी सकाळी मला फोन कर. मी अण्णांकडे जाऊन बसतो आणि दोघं मिळून करू.

तुझा,
दिलीप