चकलीचा भाव ठरवण्याआधी

पुणे
१८ सप्टेंबर

प्रिय सुमे,

तुझं पत्र मिळालं. चार ओळीत तू एकच प्रश्न तीनदा विचारला आहेस : चकली काय भावाने देऊ? फोनवर सांगून टाकणार होते, पण आकड्यांचं बोलणं फोनवर एका कानातून आत जातं आणि दुसऱ्यातून बाहेर, म्हणून लिहिते. थेट भाव मात्र सांगणार नाही. माझ्या पहिल्या ऑर्डरीत माझी कशी फजिती झाली ते आधी ऐक.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या गणपतीला ५१ उकडीचे मोदक मागितले. पैसे देऊन कुणी मागावं इतके आपले मोदक बरे होतात, याचाच मला आनंद. कोपऱ्यावरचा मिठाईवाला साच्यातले २५ रुपयांना देत होता, म्हणून मी २२ सांगितले. का, तर आपण घरगुती! खरं तर हाताने कळ्या पाडलेला मोदक साच्यातल्यापेक्षा महाग हवा, पण हे तेव्हा सुचेल तर ना.

नारळ, गूळ, आंबेमोहोराची पिठी, तूप, वेलची-केशर, गॅस, खोके आणि पोचवायचं पेट्रोल मिळून ६३० रुपये झाले. हातात आले ११२२. म्हणजे ४९२ रुपये सुटले. 'दुपारभरात पाचशे सुटले की गं!' असं मी आईला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. आई म्हणाली, 'दुपारभरात? तू तर सकाळी सातपासून विळीवर बसली होतीस.'

मग जिरवायलाच म्हणून मी कॅलेंडरच्या पाठीमागे सगळं लिहून काढलं. मंडईत जाऊन येणं ५० मिनिटं. सहा नारळ फोडून खवणं तासभर. सारण पाऊण तास, उकड काढून मळणं ४० मिनिटं. मोदक वळणं दोन तास दहा मिनिटं, कारण ५१ द्यायचे तर ५८ करावे लागले. पारी जाड-पातळ झाली की वाफेवर मोदक फुटतो आणि सारण चाळणीत उतरतं. त्याशिवाय खोक्यांत भरणं २०, पोचवणं ४०, 'किती वाजता देशील, केशर घालशील ना' असल्या फोनांना २५ आणि गुळाने माखलेली भांडी घासायला ४५ मिनिटं. सगळे मिळून साडेसात तासांच्या वर गेले. ४९२ ला त्याने भागलं तर तासाला ६५ रुपये. माझ्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींना मी तासाचे १०० देत होते!

त्या यादीकडे बघत बसले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मंडई, फोन, भरणं, पोचवणं, भांडी यांतच बरोबर तीन तास गेले होते आणि त्यांत मोदकाला माझा हातही लागला नव्हता. ऑर्डर ५१ ची असो की ११ ची, हे तीन तास थोडेफार तेवढेच जातात. 'फक्त अकराच द्या हो, देवापुढे ठेवायला' अशी लाडिक ऑर्डर म्हणूनच सगळ्यात महाग पडते. शेजारच्या काकूंना असे अकरा करून दिले होते, त्याचा हिशेब मी मुद्दाम केला नाही.

भाव मग उलट्या बाजूने काढला. माझ्या तासाला किमान १५० हवेत, हे आधी ठरवलं. साडेसात तासांचे साधारण ११४०, त्यात खर्चाचे ६३०, भागिले ५१. उत्तर ३५ च्या आसपास येतं. तोच भाव लावला. 'बाहेर २५ ला मिळतो की!' म्हणणारी गिऱ्हाइकं गेली. त्यांना खरंच २५ चाच हवा होता, त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

दुसरा बदल म्हणजे मोदक आता फक्त संकष्टीला, २१ च्या पटीत, आणि संध्याकाळी पाच ते सात या वेळात घरी येऊन न्यायचे. चंद्रोदयाआधी सगळ्यांना हवेच असतात, त्यामुळे वेळेवर येतात. मागच्या संकष्टीला चार घरांचे ८४ केले. मंडई एकदाच, भांडी एकदाच, पोचवणं नाही. सव्वानऊ तासांत खर्च जाऊन १९४० सुटले, म्हणजे तासाला दोनशेच्या वर. पण याच्या पुढे मला जाता येत नाही. सारण आदल्या दिवशी करून ठेवता येतं, उकड नाही. ती गार झाली की चिरते आणि कळ्या पाडताना तुटते, म्हणून थोडी थोडी काढून गरम असतानाच वळावी लागते. त्यात ८४ नंतर अंगठे आणि खांदे बोलायला लागतात.

तुझ्या चकलीचं गणित याहून बरं आहे, कारण ती टिकते. भाजणी आधी करून ठेवता येते, तळण दोन-तीन दिवसांत वाटता येतं. पण तुझा चोर वेगळा आहे, तेल. तळायला बसण्याआधी कढईत ओतशील ते तेल वजन कर आणि संपल्यावर उरलेलं गाळून पुन्हा वजन कर. मधे भर घातलीस तर तीही लिही. फरक तो खर्च. 'तेल घरातलंच होतं' हे वाक्य तुझ्या तोंडून मला ऐकायचं नाही. उरलेल्या तळणीच्या तेलात पुढची ऑर्डर तळायची नाही, त्यामुळे त्याचेही अर्धे पैसे धर. एक किलो भाजणीची तयार चकली किती भरते तेही काट्यावर बघ, कारण तू विकणार चकलीच्या किलोवर आणि विकत आणणार डाळ-तांदळाच्या किलोवर. तुटलेल्या चकल्या घरात खाल्ल्या जातात, त्या वजनातून वजा.

वेळ लिहायची माझी पद्धत साधी. ओट्यापाशी कागद, बसले की घड्याळ बघून लिहायचं, उठले की लिहायचं. मोदक वाफेवर असताना मी दुसरी खेप वळत असेन तर ती वेळ दोनदा धरत नाही. भाजणी भाजताना मात्र तू दुसरं काही करू शकत नाहीस, ती पूर्ण धर. गिरणीत रांगेत उभी राहिलीस तीही.

आणि अर्धे पैसे आधी घे, लाजू नकोस. एका बाईंनी ३१ मोदक सांगून सकाळी नऊला 'पाहुणे रद्द झाले' असा निरोप धाडला, तेव्हा सारण तयार होतं. आम्ही तीन दिवस त्याच्या करंज्या खाल्ल्या. हे मात्र तुझ्या भाऊजींना विचारू नकोस, ते अजून विसरलेले नाहीत.

दिवाळीच्या ऑर्डरी घेण्याआधी एकच किलो भाजणीची खेप, अगदी विकायची असल्यासारखी, पूर्ण कर आणि कागद मला पाठव. तासाला काय हवेत ते तूच ठरव, भाव आपण दोघी बसून काढू. चकल्याही पाठव. तुटक्या चालतील.

तुझी,
मंजू