सोमवारच्या भजनाची सूचना

माऊली, रामराम. मृग कोरडा गेला. आपल्या मंडळातल्या एका घरी पेरलेलं सोयाबीन उकरून पाहिलं, तर दाणा फुगून कुजलेला. आता दुबार पेरणी. सोमवारी संध्याकाळी ७ वाजता त्यांच्याच ओसरीवर बसू.

सुरुवात सावता महाराजांच्या 'कांदा मुळा भाजी'ने. 'मोट नाडा विहीर दोरी' हे चरण घाई न करता दोनदा घ्या. अरणच्या या माळ्याला पंढरी मोटेच्या दोरीतच दिसली, ते त्या घराला नीट ऐकू येऊ दे. पट्टी खालचीच ठेवा. मागच्या वेळी सूर चढला आणि आजी गप्प झाल्या. पखवाज नको, टाळ हलके. मग आजींना जात्यावरच्या ओव्या म्हणू द्या, आपण फक्त साथ करायची.

त्यांच्याकडे टँकरचं पाणी आहे. चहा घेऊ नका, पाण्याची बाटली आपापली आणा.