क्वालिटीतल्या सरांना, खोडलेल्या तीन शब्दांबद्दल

आदरणीय सर,

हिंगणा एमआयडीसीतून घरी येताना त्या दिवशी मेट्रोत बसले आणि लोकमान्य नगर सुटायच्या आतच फाइल दोनदा उघडून पाहिली. तुमच्याकडून मिळालेले दोन्ही कागद, सर्टिफिकेट आणि शिफारसपत्र, जागेवर होते. तुम्हाला हे हास्यास्पद वाटेल. पण मी आदल्या वर्षी पोळलेली होते, म्हणून.

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी एका ठिकाणी चार आठवडे काम केलं होतं. नाव घेत नाही. शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट मागितलं, तर म्हणाले, ‘मेल टाक, होऊन जाईल.’ तीन मेल टाकले, भर उन्हात दोन चकरा मारल्या. तोवर मला शिकवणारे दादा नोकरी सोडून गेले होते, आणि मी तिथे रोज येत होते हे सांगू शकेल असं कुणी उरलंच नव्हतं, कारण माझी हजेरी कुठल्याच रजिस्टरला नव्हती. दीड महिन्यानं कागद आला. त्यात माझ्या नावापुढे ‘मिस्टर’, आडनाव गायब, आणि कधीपासून कधीपर्यंत याचा पत्ताच नाही. कॉलेजच्या कोऑर्डिनेटर मॅडमनी तो दोन बोटांत धरून परत दिला. तारखा नाहीत तर आठवडे कसे मोजू आणि क्रेडिट कशाचं देऊ, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. माझे ते चार आठवडे वाया गेले. त्या ऑफिसातला एसी मात्र फार छान होता.

म्हणून तुमच्याकडे यंदा मी सहाव्या आठवड्याच्या सोमवारीच येऊन उभी राहिले. अर्ज, मार्कशीटची झेरॉक्स, आणि मी स्वतः लिहिलेली रोजच्या कामाची वही. तुम्ही म्हणालात, ‘एवढी घाई काऊन करतेस?’ मी सगळी हकीकत सांगितली. तुम्ही हसला नाहीत. सिक्युरिटीच्या केबिनमधून गेट रजिस्टर मागवलंत आणि तोवरचे माझे दिवस मोजायला बसलात. १९ मे ते २८ जून २०२५, सोमवार ते शनिवार. एक दिवस ताप होता, तोही तुम्ही धरला नाहीत. शेवटी ‘३५ दिवस’ असंच लिहायला सांगितलंत. वाईट नाही वाटलं, उलट बरं वाटलं. खरा आकडा आहे, उद्या कुणी फोन करून विचारलं तरी तोच निघेल.

ऑफिसनं सर्टिफिकेट २६ जूनलाच टाइप करून ठेवलं होतं, ताई रजेवर जाणार होत्या म्हणून. मी तर घेऊन निघालेच होते. तुम्ही थांबवलंत. २८ जूनला संपणारं काम ‘पूर्ण केले’ असं २६ तारखेच्या कागदावर लिहिलं, तर कुणीही तपासणारा पहिलं बोट तिथेच ठेवेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नावही तुम्ही मार्कशीटशी ताडून पाहिलंत. तिथे आडनाव आधी, मग माझं नाव, मग बाबांचं, आधारवर उलटं. कॉलेजचा कागद आहे, तेव्हा मार्कशीटप्रमाणेच. शनिवारी चार वाजता नव्या तारखेचं, जावक क्रमांकाचं पत्र हातात आलं. सहीखाली तुमचं पूर्ण नाव, हुद्दा आणि कंपनीचा मेल आयडी, आणि शिक्का असा मारलेला की सही झाकली जाणार नाही.

पण आभार यासाठी नाहीत. म्हणजे यासाठीही आहेत, पण हे पत्र लिहायला बसले ती दुसऱ्या कागदामुळे.

शिफारस मागायला मला लाज वाटत होती. एचआरला विचारलं तर उत्तर आलं, कंपनी फक्त सर्टिफिकेट देते. मग तुम्हीच म्हणालात, ते बरोबर आहे, मी किती दिवस आले हे कंपनीच्या रेकॉर्डला असतं, पण काम कसं केलं ते ज्यानं पाहिलं त्यानंच लिहावं. ‘माझ्या नावानं देतो. चार ओळी लिहून आण.’ मी रात्री बसून लिहून आणल्या. मेहनती, प्रामाणिक, लवकर शिकणारी. इंग्रजीत ते आणखीच भारदस्त दिसत होतं.

तुम्ही पेनाचं टोपण काढलंत आणि तिन्ही शब्द खोडलेत. बाप्पा, काळजात धस्स झालं! वाटलं, यांना मी तशी वाटत नाही. तुम्ही कागद माझ्याकडे फिरवलात आणि विचारलंत, ‘ते बुशचं काय झालं होतं, सांग बरं.’

मी सांगायला लागले, तुम्ही लिहीत गेलात. स्टीलचे बुश, आतला बोअर २५ मिलिमीटर, टॉलरन्स शून्य ते अधिक २१ मायक्रॉन. दुपारच्या लॉटमध्ये ‘गो’ गेज आरामात जायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्याच काही बुशमध्ये अडकायचं. सगळे गेजवर संशय घेत होते, आणि ते पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून पडलेलं असल्यामुळे माझ्यावरही! कॅलिब्रेशन करून आलं, गेज ठीक होतं. मग मी वहीत प्रत्येक बुशपुढे वेळ लिहायला सुरुवात केली, आणि अडकणारे सगळे मशीनवरून उतरल्या उतरल्या तपासलेले निघाले. तेव्हा ते हाताला चटका देणारे असायचे. तीसेक अंशांनी थंड झाले की २५ मिलिमीटरचा बोअर आठ-नऊ मायक्रॉननं आवळतो. ऑपरेटर काका बोअर खालच्या हद्दीला धरून काढत होते, तिथे एवढं पुरेसं होतं. तुम्ही माप टॉलरन्सच्या मध्याकडे सरकवायला सांगितलंत आणि तपासणीआधी बुश अर्धा तास गेजच्याच टेबलावर ठेवायचा नियम केलात.

तुमच्या पत्रात एवढंच आहे. मी क्वालिटीत सहा आठवडे होते, बुश अडकण्याचं कारण वेळेची नोंद ठेवून शोधलं, तपासणीची पद्धत त्यावरून बदलली, आणि ड्रॉइंग वाचण्यात मी अजून कच्ची आहे. हो, हेही लिहिलंत. मी तोंड पाडलं तेव्हा म्हणालात, ‘राहू दे, यामुळे वरच्या ओळी खऱ्या वाटतील.’

गेल्या आठवड्यात एका मुलाखतीला गेले होते. समोरच्या साहेबांनी सर्टिफिकेट नुसतं उलटून ठेवलं. पत्र मात्र वाचलं, आणि पुढची वीस मिनिटं बुश, तापमान आणि गेज यावरच गेली. मग एक ड्रॉइंग पुढे सरकवलं आणि म्हणाले, ‘हे कच्चं आहे ना, बघू किती कच्चं आहे.’ निम्मं जमलं. निकाल यायचा आहे.

एका शिकाऊ मुलीसाठी गेट रजिस्टर उघडून बसणारा माणूस त्या दिवशी आपलं जेवण थंड करत होता, हे मला डबा बघूनच कळलं होतं. तेव्हा बोलले नाही. काही लोकांना एका मेलचं उत्तर द्यायला दीड महिना लागतो, त्यांच्याकडे वेळ नसतो असं मी समजत होते.

दिवाळीनंतर येईन म्हणते, तर्री पोहे घेऊन. माझा गेट पास संपलाय, सिक्युरिटीवाले काका अडवतील. फोन केला की खाली या.

तुमची,
गेज पाडणारी ट्रेनी