तांब्याचे पैसे घेऊन सोलरला सीपीव्हीसी जोडल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : गच्चीवरील गरम पाण्याची लाइन बदलून मिळणे व तांब्याच्या पाइपाची रक्कम परत मिळणे.

महोदय,

आमच्या सोलापूरच्या घरातली गरम पाण्याची जुनी जीआय लाइन फेब्रुवारीत आपल्या कंपनीने बदलली. मे महिन्यात आम्ही बारा दिवस गावी होतो. परत येऊन पाहतो तर सोलरच्या टाकीखालचा पाइप दोन क्लॅम्पच्या मध्ये झोळीसारखा लोंबत होता आणि टाकीच्या तोंडाशी प्लास्टिकच्या आट्यांतून पाणी ठिबकत होते. आपला माणूस येऊन पाहून गेला आणि 'दाब वाढल्याने पाइप खराब, कंपनीची जबाबदारी नाही' असा शेरा मारून तक्रार बंद केली.

दाबाचे म्हणाल तर आमची टाकी बिनदाबाची आहे. तिची हवेची नळी उघडी आहे, ते आपल्या माणसानेच पाहिले. टाकीपासून बाथरूमच्या नळापर्यंत उंची जेमतेम पाच मीटर, म्हणजे दाब अर्धा किलो. दाबाने गेलेला पाइप बहुधा लांबीत चिरतो. हा चिरलेला नाही, मऊ होऊन वाकलेला आहे. हे उष्णतेचे काम आहे.

सीपीव्हीसी गरम पाण्यासाठीच असतो, हे मला मान्य आहे. बाथरूममधल्या गिझरच्या लाइनबद्दल माझी काही तक्रार नाही. तिथे पाणी साठ-पासष्ट अंशांवर थांबते. पण या पाइपाची मर्यादा ९३ अंश, आणि तिथवर पोचेपर्यंत त्याची ताकद थंड पाण्याच्या मानाने चौथ्या हिश्शावर येते. काचेच्या नळ्यांच्या सोलरला थर्मोस्टॅट नसतो. सोलापूरचा मे महिना, बारा दिवस कोणी नळ उघडलेला नाही, म्हणजे टाकीत पाणी उकळतच असणार. 'जाताना नळ्या झाकायच्या होत्या' असे आता सांगितले जाते. काम ताब्यात देताना सांगितले असते तर दोन गोणपाटे टाकून गेलो असतो.

शिवाय पाइपावर छापले आहे एसडीआर १३.५, आणि कोटेशनमध्ये लिहिले आहे एसडीआर ११. पाऊण इंचीत पहिल्याची भिंत साधारण १.६ मिमी, दुसऱ्याची २ मिमी. गरम लाइनला क्लॅम्प तीन-तीन फुटांवर हवेत, आपले सहा फुटांवर आहेत. हा पाइप दर मीटरला दहा अंशांमागे सुमारे ०.६ मिमी वाढतो. गच्चीवरची सहा मीटर लाइन ३० अंशांवरून ९० वर गेली की दोन सेंटिमीटरहून जास्त लांबते. दोन्ही टोके घट्ट आवळलेली, मध्ये एकही वळसा नाही. मग ती वाढ जाणार कुठे?

मुळात कोटेशनप्रमाणे हे सहा मीटर तांब्याचे होते आणि बिलात तांब्याचेच पैसे लावले आहेत. आता फोनवर सांगतात, 'गच्चीवरचे तांबे चोरीला जाते, त्याऐवजी जीआय टाकून देतो.' जीआय उकळत्या पाण्याने वाकणार नाही, हे खरे. पण आमचे पाणी बोअरचे. काढलेल्या जुन्या अर्ध्या इंची पाइपाचा एक तुकडा मी ठेवला आहे : आत क्षार आणि गंज इतका साठलाय की पेन्सिलही जात नाही. पाणी जितके तापते तितका क्षार लवकर बसतो, आणि आटे पाडताना जस्त कापले जात असल्याने गंज तिथूनच सुरू होतो. तांब्यातही क्षार बसतो, पण आतून गंजून वाट अरुंद होत नाही. महाग आहे, म्हणूनच फक्त सहा मीटर मागितले होते.

आणखी एक. स्वयंपाकघराच्या भिंतीत जुन्या जीआयचा सुमारे सहा फुटांचा तुकडा तसाच सोडून त्याला नवी लाइन जोडली आहे. वर तांबे आणि त्याच्या पुढे जीआय असेल तर पाण्याबरोबर आलेले तांबे जस्तावर बसते आणि पाइपाला आतून भोके पडतात. तेव्हा गच्चीवर तांबे टाकण्याआधी हा तुकडा काढावा लागेल.

माझी मागणी अशी : गच्चीवर बिलाप्रमाणे तांब्याचा पाइप, वरून इन्सुलेशनसह, पुढे एसडीआर ११ सीपीव्हीसी, आणि दोहोंच्या जोडावर पितळी आट्यांचा अडॅप्टर, भिंतीतला जीआयचा तुकडा बदलून फरशी पूर्ववत. तांबे टाकणार नसाल तर त्याची रक्कम परत करा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. बिल, कोटेशन आणि पाइपावरच्या छपाईचे फोटो सोबत जोडले आहेत.

सध्या नळ्यांवर गोणपाट टाकून टाकीचा व्हॉल्व्ह बंद ठेवला आहे. माणूस पाठवाल तो सकाळी नऊच्या आत पाठवा. नंतर गच्चीवर पाय ठेववत नाही.

आपला,
एक ग्राहक, सोलापूर