ऋण म्हणजे वजा

प्रिय सोनू,

तू पाठवलेले मानसशास्त्राच्या सराव पेपरचे फोटो काल रात्री जेवणं आटोपल्यावर निवांत पाहिले. प्रसंग देऊन संकल्पना ओळखायला सांगणारे वीस प्रश्न, त्यातले नऊ चुकले. व्याख्या तर तुला तोंडपाठ आहेत, म्हणून ते नऊ वेगळे काढून वहीत उतरवले. तेव्हा लक्षात आलं की बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे. प्रसंग वाचलास की त्यातला त्रास किंवा आनंद तुझ्या डोळ्यांत आधी भरतो आणि तू त्यावरून नाव देऊन मोकळी होतेस. प्रश्न विचारणारा मात्र कोणती कृती वाढली, कोणती कमी झाली, एवढंच पाहत असतो.

चौथा प्रश्न घे. गाडी सुरू केली की पीं-पीं वाजायला लागतं, बाईंनी पट्टा लावला की ते थांबतं, म्हणून बाई आता न चुकता पट्टा लावतात. तू लिहिलंस ‘शिक्षा’. आवाज नकोसा आहे, म्हणून शिक्षा, असं तुझ्या मनात आलं असणार. पण शिक्षेनं वागणं कमी होतं. इथे पट्टा लावणं वाढलंय, म्हणजे हे प्रबलनच. आता कोणतं, ते बघ. पट्टा लावल्यावर बाईंना काही मिळालं का? नाही, उलट आवाज गेला. गेला म्हणजे वजा, म्हणून ऋण प्रबलन. ‘ऋण’ शब्दाला घाबरू नकोस. गणितात धन आणि ऋण संख्या शिकलीस, तेच हे ऋण. त्यात वाईट असं काही नाही, परिस्थितीतून एक गोष्ट वजा झाली, इतकाच त्याचा अर्थ. इंग्रजीतून ‘निगेटिव्ह’ वाचणाऱ्या मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो. तुझ्याकडे तर मराठी शब्दच मदतीला आहे.

याच प्रसंगात आणखी एक बारकावा आहे. बाई पट्टा न लावता गाडी चालवतात, त्या कृतीमागोमाग आवाज सुरू होतो. प्रश्न ‘पट्ट्याविना गाडी चालवणं कमी झालं’ असा असता, तर शिक्षा हे तुझं उत्तर बरोबर ठरलं असतं, कारण नकोशी गोष्ट आली आणि कृती घटली. प्रसंग तोच, पण कृती बदलली की नाव बदलतं. म्हणून आधी प्रश्नाच्या शेवटच्या ओळीतलं क्रियापद पेन्सिलीने अधोरेखित कर आणि मगच पर्यायांकडे जा.

अकराव्या प्रश्नात तू एका माणसाचं बरोबर लिहिलंस आणि दुसऱ्याला सोडून दिलंस. दुकानात मूल रडतं, आई चॉकलेट देते, मूल गप्प होतं. हा प्रसंग मी जगलेय, म्हणून जरा सविस्तर सांगते. तू तीन वर्षांची असताना मंडईतून परतताना एका दुकानापाशी बसकण मारायचीस. काचेच्या बरणीतली गूळ-शेंगदाण्याची चिक्की हवी असायची. माझ्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, रस्त्यावर वर्दळ, आणि तुझा टिपेला गेलेला आवाज. मी चिक्की द्यायची, की तू शांत. तुझ्या बाजूने पाहिलं तर रडण्यामागोमाग चिक्की आली आणि रडणं वाढलं, ते धन प्रबलन. माझ्या बाजूने पाहिलं तर चिक्की दिल्यावर रडणं थांबलं, आणि पुढच्या वेळी मी आणखी लवकर द्यायला लागले. ते ऋण प्रबलन. मी तुला शिकवत होते तशी तूही मला शिकवत होतीस. प्रश्न ‘आईच्या वर्तनाबद्दल’ होता आणि तू उत्तर मुलाचं दिलंस.

पुढचं ऐक, कारण तेराव्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. मी ठरवलं, आता द्यायची नाही. सुरुवातीला तू आधीपेक्षा जोरात रडलीस. बक्षीस बंद झालं की कृती एकदम कमी होईलच असं नाही, कधीकधी आधी उसळते. मी दोन दिवस टिकले आणि तिसऱ्या दिवशी, पाऊस लागला म्हणून, दिली. घरात सगळ्यांना ती गोष्ट क्षुल्लक वाटली, पण शिकण्याच्या दृष्टीने तो दिवस महागात पडला. नेहमी मिळणारी गोष्ट बंद झाली तर मूल लवकर सोडतं. कधी मिळते, कधी नाही अशी असेल तर ते कितीतरी वेळ चिकाटीने प्रयत्न करत राहतं, कारण ‘आज नाही’ याचा अर्थ ‘यापुढे नाही’ असा होत नाही. याला अंशतः प्रबलन म्हणतात. तू तिथे ‘विलोपन’ लिहिलंस. बक्षीस पूर्ण बंद झाल्याने कृती हळूहळू संपते, ते विलोपन. इथे ते होतच नव्हतं.

स्मृतीचे दोन्ही प्रश्न तू अदलाबदल केलेस. प्रोॲक्टिव्ह आणि रेट्रोॲक्टिव्ह यांची व्याख्या घोकण्यापेक्षा काय विसरलं गेलं ते आधी शोध. दर जूनमध्ये माझ्या वर्गात नवी मुलं येतात. पहिल्या बाकावरच्या मुलीला मी गेल्या वर्षी तिथेच बसणाऱ्या मुलीच्या नावाने हाक मारते. विसरलं नवं, आड आलं जुनं, तेव्हा प्रोॲक्टिव्ह. दिवाळीपर्यंत नवी नावं पक्की होतात, आणि मग बाजारात गेल्या वर्षीची मुलगी भेटते तर ओठांवर यंदाच्याच मुलीचं नाव येतं. विसरलं जुनं, आड आलं नवं, तेव्हा रेट्रोॲक्टिव्ह. प्रसंगात तारखा किंवा ‘आधी’, ‘नंतर’ असे शब्द असतातच, ते बघ.

पूर्वग्रहांबद्दल थोडक्यात. घाटातल्या बस अपघाताची बातमी पाहून काका बसऐवजी दुचाकीने निघाले, तिथे तू ‘कन्फर्मेशन बायस’ लिहिलंस. त्यासाठी आधीपासून धरलेलं मत हवं आणि त्या मताला पूरक तेवढंच गोळा करणं हवं. काकांचं बसबद्दल असं मत होतं, हे प्रश्नात कुठेच नाही. एक ताजं, ठसठशीत चित्र पटकन आठवलं आणि जे सहज आठवतं तेच वारंवार घडतं असं त्यांना वाटलं, म्हणून ते ‘अव्हेलेबिलिटी ह्युरिस्टिक’. टव्हर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली हेच एका साध्या प्रश्नाने दाखवलं. इंग्रजीत के ने सुरू होणारे शब्द जास्त की तिसरं अक्षर के असलेले? बहुतेकांनी सुरू होणारे म्हटलं, कारण पहिल्या अक्षरावरून शब्द शोधणं सोपं जातं. त्यांनी पाहिलेल्या मजकुरात मात्र तिसऱ्या जागी के असलेले शब्द जास्त होते. ‘र’ घेऊन मैत्रिणींबरोबर करून बघ, र ने सुरू होणारे शब्द भराभर सुचतील आणि तिसऱ्या जागी र असलेले शोधताना सगळ्या थांबतील.

सतरावा प्रश्न मात्र मलाही नीट मांडलेला वाटला नाही. डबा उघडल्याचा आवाज येताच मांजर धावत येतं, यात कोणतं अभिसंधान, म्हणजे कोणत्या प्रकारचं शिकणं, असं विचारलंय. त्या आवाजाने तोंडाला पाणी सुटत असेल तर ते पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांसारखं अभिजात अभिसंधान, कारण लाळ आपोआप येते. धावत येणं ही मांजराने केलेली कृती आहे, तिच्यामागोमाग खाऊ मिळतो, आणि आवाज फक्त ‘आत्ता धावलं तर मिळेल’ एवढं सांगतो. ते साधक अभिसंधानाकडे झुकतं. एकाच मांजरात दोन्ही एकदम चालतात. पर्यायांत दोन्ही दिसले तर प्रश्नात लाळ आहे की धावणं, ते पाहून उत्तर दे. इथे धावणं आहे, म्हणून तू लिहिलेलं ‘साधक’ मी बरोबर धरलंय. चुकलेले आठच.

रविवारी संध्याकाळी फोन करते. दुसऱ्या पेपरचेही फोटो पाठव, उत्तरं खोडलीस तर खोडलेलीही दिसू देत.

तुझी,
आई